मळणी यंत्रात हात गेला, तर भरपाई बनवणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडून कशी मागायची

सोयाबीनचा हंगाम संपत आला की माझ्याकडे हमखास एखादं असं माणूस येतं. उजवा हात कोपराखाली पांढऱ्या पट्टीत, सोबत भाऊ किंवा मेव्हणा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची कागदं. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एकाने बसल्या बसल्या विचारलं, "साहेब, मालकावर केस करावी लागंल का? मालक भला माणूस आहे हो." तो मालक, म्हणजे पाच एकरवाला शेतकरी, बाहेर बाकावरच बसला होता. मजुराला दवाखान्यात त्यानेच नेलं होतं आणि बिलही त्यानेच भरलं होतं. यंत्र कुणी बनवलं, कुणी विकलं, ते तसं बनवायला हवं होतं का, हा विचार दोघांपैकी कुणाच्याच मनात आला नव्हता.

मी यंत्राचे फोटो मागितले. एकच फोटो होता आणि त्यात यंत्राला नवंकोरं लांब तोंड जोडलेलं दिसत होतं. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी विक्रेत्याचा माणूस आला, जुनं आखूड तोंड कापून घेऊन गेला आणि नवीन फुकट बसवून दिलं. शेतकऱ्याला वाटलं, बिचाऱ्यांनी सेवा दिली. प्रत्यक्षात दाव्यातला सगळ्यात मोठा पुरावा भंगारात गेला होता.

म्हणून हा लेख मळणी यंत्रावर. काही भागांत याला हडंबा म्हणतात, बहुतेक ठिकाणी सरळ थ्रेशर. कडबा कुट्टी, उसाच्या रसाचा चरक किंवा पिठाची गिरणी असली, तरी कायद्याची वाट जवळपास हीच आहे.

हात आत जातो तो कशामुळे

वकिलाला हे समजून घ्यावं लागतं आणि जखमी माणसाने सांगावं लागतं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. थ्रेशरमध्ये पेंढी ज्या तोंडातून सारतात त्याच्या टोकाला ड्रम फिरत असतो. ड्रमच्या खुंट्यांनी काड पकडलं की ते झटक्यात आत ओढलं जातं. काड ओलसर असेल किंवा त्यात तणाचे वेल असतील तर पेंढी मोकळी होत नाही, बोटांना आणि मनगटाला विळखा घालून हाताला सोबत घेऊन जाते. माणसाला हात सोडवायला एक सेकंदही मिळत नाही. बांगड्या, पदर, उपरणं, हातमोजे यांनी धोका वाढतो. पण खरा प्रश्न एकच: तोंडापासून ड्रमपर्यंतचं अंतर माणसाच्या हाताच्या लांबीपेक्षा जास्त आहे की कमी?

भारतीय मानक ब्युरोचं आयएस ९०२० हे मानक शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्रांच्या सुरक्षिततेसाठीच आहे. त्यात पेंढ्या सारायच्या तोंडाची लांबी निदान ९०० मिलिमीटर आणि त्यातला ड्रमकडचा निदान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असं सांगितलं आहे. झाकणामुळे माणसाला वरून हात घालता येत नाही आणि लांबीमुळे पुढून ड्रमपर्यंत पोहोचता येत नाही. एवढा साधा हिशेब आहे. तरीही दीड-दोन फुटी उघड्या तोंडाची यंत्रं विकली जातात. पत्रा कमी लागतो, आणि तोंड आखूड असलं की मजूर भराभर सारू शकतो.

१९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा केला, त्यात शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्राचं नाव घेऊन त्याला धोकादायक यंत्र म्हटलं आहे. यंत्र चालवणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याला इजा झाली तर भरपाई मिळावी, हाही त्या कायद्याचा जाहीर हेतू आहे. त्यामुळे "थ्रेशर म्हटल्यावर हात जाणारच" असं कुणी म्हणालं, तर हा धोका चाळीस वर्षांपूर्वीच ओळखला गेला होता आणि तो टाळायची रीतही मानकात लिहून ठेवली आहे, हे त्याला सांगता येतं.

पहिला दिवस: दवाखाना आणि कागद

यंत्र बंद करा. ट्रॅक्टरवर चालत असेल तर आधी ट्रॅक्टर बंद करा. अडकलेला हात उलटा ड्रम फिरवून ओढू नका, तोंडाचे नटबोल्ट खोला. तुटलेलं बोट किंवा पंजा सापडला तर स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बर्फ थेट मांसाला लागू देऊ नका.

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कसं झालं?" घाबरलेला नातेवाईक म्हणतो, "शेतात लागलं." केसपेपरवर तेवढंच लिहिलं जातं आणि दोन वर्षांनी समोरचा वकील विचारतो, शेतात म्हणजे विळ्याने की यंत्राने? म्हणून स्पष्ट सांगा: मळणी यंत्रात पेंढी सारताना हात ओढला गेला. यंत्र कुणाचं, वेळ किती, हेही सांगा. सरकारी दवाखान्यात नेलं असेल तर ही पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंदवली जाते. तसं होऊ द्या. मालकावर गुन्हा पडेल या भीतीने लोक ही नोंद टाळतात आणि नंतर अपघात झाला होता हेच सिद्ध करायला धडपडतात. जखमी माणूस प्यालेला नव्हता हेही केसपेपरवर येऊ द्या. ते का, हे पुढे येईल.

पहिला आठवडा: यंत्र जसंच्या तसं ठेवा

सगळ्यात जास्त दावे इथेच बुडतात. हंगाम चालू असतो, पाऊस डोक्यावर असतो, सुडी उघडी पडलेली असते. शेतकऱ्याला यंत्र लगेच चालवायचं असतं आणि त्याची अडचण खरी असते. तरीही निदान एवढं कराच.

पोलिसांना किंवा तलाठ्याला सांगून जागेवर पंचनामा करून घ्या आणि यंत्राची मापं त्यात लिहायला सांगा. पंचनाम्यात "यंत्राची पाहणी केली" एवढंच लिहिलं तर त्याचा उपयोग नाही. तोंडाची लांबी, झाकलेल्या भागाची लांबी, तोंडाच्या काठापासून ड्रमच्या खुंटीपर्यंतचं अंतर, तोंड जमिनीपासून किती उंच, पट्ट्यावर जाळी आहे का, ही पाच मापं आणि नोंदी पुरे. मग मोजपट्टी लावून फोटो काढा. पट्टीवरचे आकडे वाचता येतील इतक्या जवळून एक आणि सगळं यंत्र दिसेल इतक्या लांबून एक. नावाची पाटी, अनुक्रमांक, धोक्याच्या सूचनांचे स्टिकर (किंवा ते कुठेच नाहीत हे दिसेल असे चारही बाजूंचे फोटो) घ्या.

एक गोष्ट मी स्वतः डोळ्यात तेल घालून बघतो: तोंडाच्या काठावरचा रंग. कारखान्यातून आलेल्या पत्र्याच्या कापलेल्या कडेवरही रंग असतो, कारण रंग कापणी-जोडणीनंतर मारतात. नंतर कुणी गॅसने तोंड कापून आखूड केलं असेल तर कडेला रंग जळलेला असतो, पत्रा निळसर-काळा पडतो आणि काठ खडबडीत लागतो. "शेतकऱ्यानेच तोंड कापलं" हा उत्पादकाचा ठरलेला बचाव आहे. त्याला कडेवरच्या रंगाचा जवळून घेतलेला फोटो उत्तर देतो. आणि शेतकऱ्याने खरंच कापलं असेल तर तेही आधीच कळलेलं बरं, कारण मग दाव्याची दिशा बदलते.

यंत्र चालवणं भागच असेल तर तोंड नटबोल्टवरून पूर्ण उतरवा, पंचांसमोर पोत्यात बांधून सील करा, सह्या घ्या आणि घरात ठेवा. चालवायला नवीन, पूर्ण लांबीचं तोंड बसवा. त्याआधी विक्रेता आणि उत्पादक दोघांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा: अमुक तारखेला अपघात झाला, अमुक तारखेपर्यंत येऊन यंत्र बघा, त्यानंतर तोंड उतरवून जपून ठेवलं जाईल. सात दिवस द्या. आले तर त्यांच्यासमोर मापं घ्या. न आले तर "आम्हाला बघायला दिलं नाही" असं त्यांना पुढे म्हणता येणार नाही. विक्रेत्याच्या मिस्त्रीला एकट्याने यंत्राला हात लावू देऊ नका, मग तो कितीही मायेने बोलत असो.

दोष कोणता, हे नेमकं ठरवा

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादनाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७. जुलै २०२० पासून ते लागू झालं. कलम ८४ प्रमाणे उत्पादक जबाबदार ठरतो तो पाच कारणांनी: घडवणीतला दोष, रचनेतला दोष, ठरलेल्या उत्पादन-मापांपासून फारकत, दिलेल्या हमीप्रमाणे माल नसणं, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे न देणं.

थ्रेशरवर हे लावून बघू. तोंडाचा वेल्ड सुटला, तोंड खाली पडलं आणि हात गेला, तर तो घडवणीतला दोष. त्या मॉडेलची सगळीच यंत्रं आखूड तोंडाची निघत असतील तर तो रचनेतला दोष. माहितीपत्रकात "सुरक्षित, आयएस प्रमाणे" छापलंय आणि तोंड ५५० मिलिमीटरचं आहे, तर हमीचा भंग. पुस्तिका इंग्रजीत आणि यंत्रावर एकही सूचना नाही, तर इशाऱ्याचा अभाव.

आता माझं ठाम मत सांगतो. मजुराच्या दाव्यात एकट्या इशाऱ्यावर विसंबू नका. वकिलांना हा मुद्दा सोपा वाटतो आणि ते तक्रारीत तोच पुढे ठेवतात. पण कलम ८७ मध्ये उत्पादकाला सुटायला ज्या वाटा दिल्यात, त्यातल्या बहुतेक याच मुद्द्याला लागून आहेत. यंत्र मालकाने कामाच्या जागी वापरायला घेतलं आणि उत्पादकाने मालकाला सूचना दिल्या होत्या, तर मजुराला सूचना मिळाल्या नाहीत म्हणून उत्पादक जबाबदार धरला जात नाही. वापरणारा दारूच्या अंमलाखाली होता, तरी तो सुटतो. धोका उघड आणि सर्वांना ठाऊक असलेला होता, तरीही सुटतो. फिरत्या ड्रममध्ये हात घातला तर तुटतो हे कुणाला कळत नाही, असं समोरचा वकील विचारणार आणि त्या मुद्द्यापुरतं त्याचं बरोबर ठरू शकतं.

पण या सवलती इशाऱ्याच्या मुद्द्यापुरत्याच आहेत, रचनेच्या दोषाला त्या लागत नाहीत. हात पोहोचेल इतकं आखूड तोंड करून ठेवलं, हा आरोप मालकाला पुस्तिका दिल्याने धुतला जात नाही. म्हणून तक्रारीचा पहिला परिच्छेद मापाचा असावा: मानकात इतकं, यंत्रात इतकं, फरक इतका, हात गेला तो त्या फरकामुळे. इशाऱ्याचा मुद्दा त्याच्या मागे, आधारापुरता. शिवाय उत्पादकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नसते. दोष होता आणि त्या दोषामुळे इजा झाली, ही साखळी दाखवायची.

साखळीतला दुसरा दुवाही विसरू नका. यंत्राचं तोंड आखूड होतं, पण माणूस पट्ट्यात अडकून जखमी झाला असेल, तर आखूड तोंडाचा उपयोग नाही. तेव्हा पट्ट्यावरची जाळी बघावी लागेल.

विक्रेत्याला कधी धरता येतं

विक्रेता आपोआप जबाबदार होत नाही. कलम ८६ मध्ये त्याची कारणं दिली आहेत आणि आपल्याकडच्या गावांत त्यातली दोन वारंवार लागू पडतात.

पहिलं, यंत्र कुणी बनवलं हे कळत नाही, किंवा कळतं पण त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही वा आदेश वसूल करता येत नाही. पाटी नसलेली, परराज्यातल्या शेडमध्ये बनलेली यंत्रं तालुक्याच्या दुकानात सर्रास मिळतात. अशा वेळी विक्रेत्याला उत्पादकाच्या जागी उभं राहावं लागतं. म्हणून पावतीवर नुसतं "थ्रेशर १ नग" लिहिलं असेल तर विक्रेत्याला पहिल्याच पत्रात उत्पादकाचं नाव-पत्ता लेखी मागा. त्याने दिला नाही, तर ते पत्रच तुमच्या कामाला येतं.

दुसरं, यंत्राची जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना त्याने वाजवी काळजी घेतली नाही, किंवा उत्पादकाच्या सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नाहीत आणि त्यामुळेच इजा झाली. यंत्र सुट्या भागांत येतं आणि दुकानात जोडलं जातं. पूर्ण लांबीचं तोंड खोक्यात आलं होतं आणि दुकानदाराने ते वाहतुकीच्या सोयीसाठी बसवलंच नाही, असं असेल तर दोष सरळ त्याच्या पदरात पडतो. त्याने यंत्रात स्वतःच बदल केला, किंवा उत्पादकापेक्षा वेगळी हमी आपल्या पदरची दिली, तरीही तो अडकतो.

आणि दुकानदाराने दुसऱ्याचं यंत्र आणून त्यावर आपल्या नावाचं स्टिकर लावलं असेल, तर कायद्याच्या व्याख्येत तो उत्पादकच आहे. तीच गोष्ट गावातल्या वेल्डिंगवाल्याची, ज्याने स्वतः थ्रेशर बनवून विकला.

विक्रेत्याच्या बाजूने एक मोठी ढाल आहे: इजा झाली तेव्हा यंत्राचा गैरवापर झाला होता किंवा त्यात फेरबदल केलेले होते, तर त्याच्याविरुद्ध उत्पादन जबाबदारीचा दावा चालत नाही. कडेवरच्या रंगाबद्दल मी इतकं का बोललो, ते आता लक्षात येईल.

तक्रार कुणाला करता येते

ज्याने यंत्र विकत घेतलं तोच ग्राहक, असा गैरसमज आहे. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. शेतकऱ्याने घेतलेल्या थ्रेशरवर त्याच्या सांगण्याने काम करणारा मजूर त्यात बसतो. मृत्यू झाला असेल तर वारस तक्रार करू शकतात.

अडचण "व्यापारी कारणासाठी" या शब्दांची. त्या हेतूने घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. शेतकरी स्वतःच्या शेतमालासाठी यंत्र घेतो तेव्हा तो ग्राहकच राहतो. बियाण्यांच्या प्रकरणात, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या २०१२ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्यांना या कायद्याचं संरक्षण आहे असं स्पष्ट केलं. भाड्याने गावोगाव मळणी करणाऱ्याचं काय? इथे लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स हा १९९५ चा निकाल वाचावा. महाराष्ट्रातल्या एका लघुउद्योगाने घेतलेल्या मशीनचं ते प्रकरण. त्यात न्यायालयाने म्हटलं की, माणूस स्वतः यंत्र चालवून पोट भरत असेल आणि मदतीला एक-दोघं घेत असेल, तर तो ग्राहकच. तीन-चार यंत्रं आणि पगारी टोळ्या असलेल्याला मात्र ही सवलत मिळणं कठीण.

एमआयडीसीतल्या कारखान्यात प्रेसमध्ये बोटं गेलेल्या कामगारासाठी ही वाट बहुधा बंदच असते, कारण मशीन सरळ व्यापारी कारणासाठी घेतलेलं असतं. त्याला कामगार भरपाई आणि उत्पादकाविरुद्ध दिवाणी दावा यांतून निवड करावी लागते. ईएसआयचा विमा असेल तर आणखी सांभाळून, कारण जुन्या ईएसआय कायद्याच्या कलम ५३ मध्ये मालकाकडून "किंवा अन्य कोणाही व्यक्तीकडून" दुसरी भरपाई घ्यायला मनाई होती, आणि मशीनचा उत्पादक या शब्दांचा आसरा घेतोच.

मालकाकडची भरपाई आणि दाव्यांचा क्रम

ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने शेतीकाम करणारा मजूर १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात बसतो. ही व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेली असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मालकाची चूक असो वा नसो, ही भरपाई द्यावीच लागते.

हिशेब करून बघू. मजूर ३० वर्षांचा, महिन्याची मजुरी १२,००० रुपये, पंजा मनगटातून गेलेला. वय ३० साठी गुणक २०७.९८. पूर्ण अपंगत्व धरलं तर मजुरीच्या ६० टक्के, म्हणजे ७,२०० गुणिले २०७.९८, असे १४,९७,४५६ रुपये होतात. हाताचा पंजा गेला तर परिशिष्टात कमाईची क्षमता ६० टक्के गेली असं धरतात. म्हणून त्याचे ६० टक्के, अंदाजे ८ लाख ९८ हजार.

पाच एकरवाल्या शेतकऱ्याने हे कुठून आणायचे? म्हणूनच त्याला एक गोष्ट ठाऊक असायला हवी. जुन्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे, इजेला तिसराच कुणी जबाबदार असेल, तर मालकाने मजुराला दिलेली भरपाई त्या तिसऱ्याकडून वसूल करता येते. म्हणजे शेतकरी आणि मजूर एकमेकांसमोर उभे असले तरी दोघांचं बोट एकाच दिशेला असू शकतं. बाकावर बसलेल्या त्या शेतकऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो आत येऊन बसला आणि यंत्राची पावती शोधायला घरी फोन लावला.

मजुरासाठी क्रम मात्र जपून ठरवायचा. भरपाई आयुक्तांकडे दावा दाखल केला, किंवा मालकाशी तसा करार केला, की त्याच इजेसाठी दिवाणी न्यायालयात नुकसानीचा दावा लावता येत नाही. आधी दिवाणी दावा लावला तर उलट आयुक्तांकडची वाट बंद होते. ग्राहक आयोगाचा उपाय इतर कायद्यांच्या जोडीने वापरता येतो असं कलम १०० सांगतं. तरी समोरचा पक्ष हरकत घेतो आणि एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. म्हणून कुठेही सही करण्यापूर्वी वकिलाकडे दोन्ही दाव्यांचे आकडे एकत्र मांडून घ्या. मालक नुसता मदत म्हणून पैसे देत असेल तर कागदावर "उपचारासाठी उचल" असं लिहा. विक्रेता पन्नास हजार आणि स्टॅम्पपेपर घेऊन आला आणि त्यावर "यापुढे काही तक्रार नाही" लिहिलं असेल, तर सही करू नका.

शेतकरी कुटुंबातलाच माणूस जखमी झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच द्या. एक हात गेला तर १ लाख, मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर २ लाख मिळतात. हे सरकारचं अनुदान आहे, उत्पादकाविरुद्धच्या तक्रारीला त्याने बाधा येत नाही.

तक्रार दाखल करणं

जिल्हा ग्राहक आयोगात जायचं की राज्य आयोगात, हे वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं. मागितलेल्या भरपाईचा त्याच्याशी संबंध नाही. ५० लाखांपर्यंतच्या किमतीची वस्तू म्हणजे जिल्हा आयोग. थ्रेशर दीड-दोन लाखांचा असतो, त्यामुळे २० लाखांची भरपाई मागितली तरी जिल्हा आयोगच. किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. उत्पादक पंजाबचा असो वा गुजरातचा, तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, आणि गरीब माणसासाठी ही या कायद्यातली सर्वांत मोलाची सोय आहे. अर्ज e-jagriti.gov.in वर भरता येतो.

मुदत घटनेपासून २ वर्षांची. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळते, पण माफीचा अर्ज म्हणजे लढाईआधी आणखी एक लढाई.

भरपाईचा आकडा मांडताना मोटार अपघात दाव्यातली पद्धत उपयोगी पडते, आयोगाला ती पटते. वरचाच मजूर घ्या: वर्षाचं उत्पन्न १,४४,०००, त्याचे ६० टक्के ८६,४००, ३० व्या वर्षासाठी गुणक १७, म्हणजे १४,६८,८००. त्यात उपचार, कृत्रिम हात आणि तो ठरावीक वर्षांनी बदलण्याचा खर्च, सोबत राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी आणि मानसिक त्रास वेगळे दाखवा. ज्याचं पोट हातावर आहे त्याचं नुकसान डॉक्टरने लिहिलेल्या टक्क्यांपेक्षा जास्त असतं. तो आता कोणती कामं करू शकत नाही याची यादी प्रतिज्ञापत्रात द्या: खुरपणी, ओझं उचलणं, बैल जुंपणं, झाडावर चढणं. यंत्राची किंमत किंवा बुडालेला हंगाम मात्र या प्रकरणाखाली मागू नका. यंत्राचं स्वतःचं नुकसान आणि धंद्यातला तोटा कायद्याने "इजा" या शब्दातून वगळला आहे.

उत्पादकाला उत्तराला ३० दिवस असतात आणि आयोगाने दिले तर आणखी १५. त्यापुढे मुदत नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग प्रयोगशाळेकडे पाठवून ४५ दिवसांत अहवाल मागवू शकतो. यंत्र अख्खं उचलून नेता येत नाही, म्हणून कृषी अभियांत्रिकीच्या तज्ज्ञाने जागेवर येऊन मोजावं असा अर्ज द्या. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांत असे अभियंते आहेत. यंत्र अनुदानावर घेतलेलं असेल तर त्याचा चाचणी अहवालही मागवा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र संस्थेसारख्या ठिकाणी नमुना तपासला जातो. अहवालातल्या नमुन्याचं तोंड ९०० मिलिमीटर आणि तुमच्या अंगणातल्या यंत्राचं ५५० असेल, तर ठरलेल्या मापांपासून फारकत हा मुद्दा आयता हाती येतो.

निकाल बाजूने लागला की उत्पादक बहुधा राज्य आयोगात अपील करतो. त्यासाठी त्याला ४५ दिवस असतात आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. ती भरल्याची पावती आपल्या वकिलाने तपासावी. अपील नाही आणि पैसेही नाहीत असं झालं, तर कलम ७१ खाली वसुलीचा अर्ज आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज, दोन्ही जिल्हा आयोगातच द्यायचे. आदेश न पाळणाऱ्याला महिनाभर ते तीन वर्षं कैद किंवा निदान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम ७२ चा समन्स कारखान्याच्या मालकाच्या नावाने निघाला की पैसे लवकर येतात, असा माझा अनुभव आहे.